म्हणे वडिवळे

३१ मे हा महाराष्ट्रातल्या नोकरदारांच्या आयुष्यातला मोठा निरोपाचा दिवस आहे. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. शाळेत नाव घालताना मुलाची जन्मतारीख घरात कुणालाच ठाऊक नसायची आणि गुरुजी नोंदवहीत १ जून लिहून टाकायचे. शाळेत दाखल होण्याच्या वयाला ती तारीख सोयीची पडे. त्या पिढीच्या कितीतरी माणसांचे वाढदिवस असे एकाच दिवशी येतात. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून कचेऱ्यांत, शाळांत, डेपोंत ३१ मेला हारांची आणि नारळांची गर्दी उसळते.

आमच्या गाडीचे मास्तर त्याच दिवशी निवृत्त होणार होते. कामशेतहून आत वडिवळ्याकडे येणाऱ्या एसटीवर त्यांनी नोकरीची शेवटची बरीच वर्षं काढली. मधे बदल्या झाल्या, दुसरे मार्ग मिळाले, पण फिरून ते पुन्हा याच गाडीवर यायचे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही आणि या मार्गावर नावाची गरजही कधी पडली नाही. आमच्याकडे वाहकाला मास्तरच म्हणतात.

त्यांच्या शेवटच्या दिवसाला आणखी एक योग होता. १ जून हा एसटीचाही जन्मदिवस. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली गाडी निघाली. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. वाटेतल्या गावांनी त्या गाडीचं स्वागत केलं. त्या प्रवासाच्या आठवणी केवटे पुढे अनेक वर्षं सांगत राहिले आणि पहिल्या वाहकाचं नाव म्हणून त्यांचं नाव लोकांच्या लक्षात राहिलं. पहिल्याचं नाव राहतं, ते राहायलाच हवं. त्यांच्यानंतर हजारो माणसांनी तेच काम केलं. त्यांचं काम कुठे नोंदलं जात असेल तर वेबिलावर, आणि वेबिल काही वर्षांनी रद्दीत जातं. आमच्या गाडीतल्या रोजच्या माणसांनी निरोपाची कविता करायची ठरवली त्याचं कारण हेच होतं. हार, शाल, श्रीफळ डेपोत मिळणारच होतं, सेवापूर्तीचा कार्यक्रमही होणार होता. पण डेपोतल्या माणसांनी मास्तरांना हिशेब देताना पाहिलं होतं, गाडीत वावरताना पाहिलं होतं ते आम्ही.

लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण कामशेत स्टेशनावर लोकल पकडण्याआधी मी गाडीत काहीबाही लिहीत बसतो हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

पहिल्या दोन दिवसांतच तीन कविता माझ्या हातात आल्या. फोनवरून आलेल्या, सुबक, यमकं जुळलेल्या. त्यांत मास्तर देवमाणूस होते, दीपस्तंभ होते, वटवृक्षही होते. यांतल्या एकाही ओळीत बस नव्हती. त्याच ओळी मुख्याध्यापकांना, तलाठ्यांना किंवा पतपेढीच्या व्यवस्थापकांना म्हणून दाखवल्या असत्या तरी चालल्या असत्या. माणसाला निरोप देताना दुसऱ्या कुणालाही बसेल असा सदरा त्याच्या अंगावर चढवणं मला बरं वाटत नाही. मी गाडीत सगळ्यांना सांगितलं, की मास्तर चांगले आहेत हे लिहायचं नाही. त्यांनी काय केलं तेवढंच सांगा.

आधी छंद ठरवायला हवा होता, आणि तो ठरला तो ऐकणाऱ्यांमुळे. गाडीतल्या बायकांपैकी ज्या म्हाताऱ्या आहेत त्यांच्या आया जात्यावर ओव्या गायच्या. आमच्या शेजारच्या मुळशीच्या डोंगरांतून हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. त्या ओव्यांत आई, भाऊ, लेक, सासर, विठ्ठल सगळं येतं. त्यामुळे एका आजींनी ओवीच करा म्हणून आग्रह धरला. पण ओवी गाणारी बाई आपल्या दमाप्रमाणे ती लांबवते, आखडते. दहा जणांनी एकदम म्हणायची तर तिचा मेळ राहत नाही. अभंगाचं तसं नाही. आमच्या गावांत भजन येत नाही असं घर विरळा. शिवाय आमचं पाणीच तिकडे जातं. वडिवळे धरण कुंडलिका नदीवर आहे, ती इंद्रायणीला मिळते आणि इंद्रायणी पुढे देहूला, आळंदीला जाते. वारीच्या आणि यात्रेच्या दिवसांत नदीला पाणी कमी असलं तर वडिवळ्यातून सोडतात. तुकोबांच्या नदीकाठच्या माणसांनी अभंगाचा साचा घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

मोठ्या अभंगाचा हिशेब साधा आहे. चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नाही. चौथ्या चरणात दोन अक्षरं कमी पडतात तिथे टाळ वाजतो, श्वास घेता येतो. बसमध्ये हा साचा आणखी एका कारणाने उपयोगी पडतो. डिझेलचं इंजिन सुरू असलं तर लांब ओळीची शेपटी ऐकूच जात नाही. सहा अक्षरं एका दमात, खणखणीत म्हणता येतात आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचतात.

पहिलं कडवं मी पहाटेच्या फेरीवर बांधलं.

पहाटेची गाडी । धुक्यातून आली ।
जाग आम्हां झाली । हॉर्नने त्या ॥

मोजून पाहा. प-हा-टे-ची-गा-डी, सहा. धु-क्या-तू-न-आ-ली, सहा. जा-ग-आ-म्हां-झा-ली, सहा. हॉ-र्न-ने-त्या, यात 'र्न' जोडाक्षर आहे. मोजली तर अक्षरं चारच भरतात, तोंडात मात्र ओळ अडते. पण खरी हरकत अक्षरांची नव्हती. ती तात्यांनी घेतली. तात्या स्वतः एसटीत चालक होते, काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ते म्हणाले, "हॉर्न ड्रायव्हर वाजवतो. ही कविता मग ड्रायव्हरची झाली."

त्यांचं बरोबर होतं. मग वाहकाचा आवाज कोणता? पहिलं उत्तर घंटीचं. दोरी ओढून एक टोला दिला की थांबा, दोन दिले की चला. पण घंटी गाडीच्या आत वाजते, तिने गाव जागं होत नाही. तात्यांनीच आठवण करून दिली. वडिवळ्यात गाडी वळवायची जागा अरुंद आहे. चालकाला मागचं दिसत नाही, म्हणून वाहक खाली उतरतो, गाडीच्या मागे उभा राहतो आणि शिट्टी वाजवत गाडी मागे घेतो. शिट्टी सुरू आहे तोवर मागे या, थांबली की ब्रेक. पहाटे सगळं निवांत असताना तीच शिट्टी घरोघरी ऐकू येते आणि तिच्यावर चहाचं आधण चढतं. ओळ बदलली.

पहाटेची गाडी । धुक्यातून आली ।
जाग आम्हां झाली । शिट्टीने त्या ॥

शि-ट्टी-ने-त्या. चार अक्षरं, आणि चारही वाहकाची.

यानंतर माणसं आपणहून बोलू लागली. मी वहीत फक्त टिपून घेत होतो. कामशेतला दूध घालणारे दोघे म्हणाले, की किटल्या चढवताना मास्तरांनी कधी कटकट केली नाही, पण किटल्या वाटेतही ठेवू दिल्या नाहीत. मागच्या बाकाजवळची जागा ते स्वतः मोकळी करून द्यायचे. वाटेत किटली ठेवली की ब्रेक लागल्यावर ती घसरते आणि उभ्या माणसाच्या पायावर येते. एका बाईंनी सांगितलं, की त्या रोज चढतात पण कुठे जायचं हे मास्तरांनी गेल्या कित्येक वर्षांत विचारलेलं नाही. ही गोष्ट वरवर साधी वाटते. वाहकाचं काम टप्प्याटप्प्याने चालतं. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा, आणि गाडी पुढच्या टप्प्यात जायच्या आत मागून चढलेल्या सगळ्यांची तिकिटं निघालेली असावी लागतात. रोजच्या माणसाला विचारण्यात गेलेला वेळ नव्या माणसाच्या वाट्याचा असतो. मास्तर यंत्राची बटणं दाबतच पुढे सरकत असत.

ना विचारी कोणा । कुठे जायचे ते ।
तोंडपाठ होते । थांबे सारे ॥

दुधाच्या किटल्या । मागच्या बाकाशी ।
जागा ठेवी खाशी । रोज त्यांना ॥

विचारायचं नाही हा नियम एका ठिकाणी मोडायचा, आणि तेही आजींनीच सांगितलं. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या माणसांना एसटी फुकट झाली, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. फुकट प्रवासालाही तिकीट काढावंच लागतं, शून्य रुपयांचं. त्या तिकिटांच्या हिशेबावर सरकार महामंडळाला पैसे देतं. त्यासाठी वयाचा पुरावा पाहायचा असतो. आजींना मास्तर पंचवीस वर्षं ओळखत होते, तरी पहिले काही महिने त्यांनी दर वेळी आधार कार्ड मागितलं. आजी रागावल्या. मास्तर म्हणाले, "मला तुम्ही माहीत आहात हो आजी, पण उद्या दुसरा वाहक आला तर कार्ड जवळ असायची सवय राहू द्या." हे मला कवितेत बसवता आलं नाही. सहा अक्षरांत आधार कार्ड मावतं, त्यामागचं बोलणं मावत नाही. प्रत्येक खरी गोष्ट कवितेत जात नाही, आणि जी जात नाही ती ओढून बसवली की कविता भाषण होते.

सुट्ट्या पैशांचं कडवं मात्र आपोआप झालं. हा वाहकाच्या दिवसातला सगळ्यांत अवघड भाग. सकाळच्या पहिल्या फेरीत पिशवीत चिल्लर नसते आणि पहिल्या पाच माणसांनी मोठ्या नोटा पुढे केल्या की देणं फिटत नाही. अशा वेळी वाहक तिकिटाच्या मागे पेनने आकडा लिहून देतो आणि उतरताना बाकी घ्यायची असते. बहुतेक भांडणं इथेच होतात. प्रवासी विसरतो, वाहक दारात गर्दीत असतो, थांबा निघून जातो आणि दोन रुपयांसाठी माणूस महिनाभर मनात अढी धरतो. आमचे मास्तर थांबा यायच्या आधी आकडा लिहिलेल्या माणसाजवळ स्वतः येऊन उभे राहायचे. ज्याचं राहून गेलं त्याचं दुसऱ्या दिवशी चढल्या चढल्या द्यायचे.

सुट्टे नाही तेव्हा । तिकिटाच्या पाठी ।
लिही आम्हांसाठी । देणे बाकी ॥

एक मुलगा आता कामशेतला दुकानात काम करतो. त्याने पाकिटातून एक जुनं तिकीट काढून दाखवलं. यंत्राच्या कागदावरची छपाई उडून गेली होती. तो कागद उष्णतेने छापतात, त्यामुळे काही महिन्यांत तिकीट कोरं दिसू लागतं. मागे पेनने लिहिलेला आकडा मात्र ठळक होता. त्याने ते का ठेवलं हे मी विचारलं नाही. पैसे त्याला मिळालेले होते.

पुलाचं कडवं घ्यायचं की नाही यावर दोन मतं पडली. नाणे मावळात पाऊस धरला आणि धरणातूनही पाणी सोडलं की नदीवरचे कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात, पलीकडच्या गावांचा रस्ता तुटतो. अशा एका संध्याकाळी शाळेची मुलं गाडीत होती आणि पूल दिसेनासा झाला होता. काही मोठी माणसं पाण्यातून चालत निघाली. मुलंही उतरू लागली, तेव्हा मास्तर दारात आडवे उभे राहिले. पुलावरून गुडघाभर पाणी वाहतं तेव्हा कठडा आणि खड्डा दोन्ही दिसत नाहीत आणि वाहतं पाणी लहान मुलाचे पाय सहज उचलतं. पलीकडून पालक, सरपंच, कोणी ओळखीचं येईपर्यंत त्यांनी एकाही मुलाला खाली सोडलं नाही. गाडी उशिरा परतली, आणि त्याचं कारण त्यांनाच लिहून द्यावं लागलं असणार. एकाचं म्हणणं होतं, की निरोपाच्या दिवशी संकटाची आठवण कशाला. मला वाटलं, वाहक हा गाडीतल्या माणसांचा जबाबदार माणूस आहे, हे ज्या दिवशी आम्हांला सगळ्यांत नीट दिसलं तोच दिवस गाळला तर कविता अर्धी राहील. कडवं ठेवलं.

पूल पाण्याखाली । गाडी थांबलेली ।
पोरं ना सोडली । एकटी ती ॥

आता ज्या कडव्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला त्याबद्दल. गाडीत सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट होती. एक मुलगी शाळेत असताना पास घरी विसरली आणि मास्तरांनी तिला तशीच नेली, पैसे मागितले नाहीत. ही गोष्ट प्रत्येकाने आपापल्या शब्दांत मला सांगितली आणि हीच कवितेत आधी घ्या म्हणून सगळे मागे लागले. मी कडवं केलंही. तात्यांनी ते ऐकलं आणि हात वर करून थांबवलं. "तिकीट फाडलं होतं का?" त्यांनी विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं.

तात्यांनी मग समजावून सांगितलं. वाहक ड्यूटीवर निघतो तेव्हा त्याच्याजवळ तिकिटांचं यंत्र असतं, वेबिल असतं, आणि स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत तेही त्याला वेबिलावर लिहावं लागतं. मार्ग तपासणीचं पथक मधेच कुठेही गाडीत चढतं. ते माणसं मोजतात, यंत्रातल्या तिकिटांशी जुळवतात, मग पिशवी मोजतात. माणूस जास्त आणि तिकीट कमी निघालं तर प्रवाशाला दंड होतो आणि वाहकावर प्रकरण होतं. पैसे हिशेबापेक्षा जास्त निघाले तरी प्रश्न, कारण ते कुणाचे आणि तिकीट का दिलं नाही हे सांगावं लागतं. खिशातली रक्कम आधी लिहून घेतात ती यासाठी. "तुम्ही ज्याला माया म्हणता," तात्या म्हणाले, "त्याला कागदावर विनातिकीट प्रवासी म्हणतात. चौकशी बाकी राहिली तर निवृत्तीचे पैसे अडकतात. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर माईकवर हे वाचणार?"

मला त्या मुलीला विचारावंसं वाटलं. ती आता तळेगावला एका कारखान्यात जाते. तिने जे सांगितलं ते गाडीतल्या गोष्टीपेक्षा वेगळं होतं. मास्तरांनी तिला तशी नेलीच नव्हती. त्यांनी तिच्या नावाचं तिकीट काढलं, तिच्या हातात दिलं, पैसे स्वतःजवळचे पिशवीत टाकले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील थांब्यावर येऊन पैसे देऊन गेले आणि मास्तरांनी ते घेतले. इतकी वर्षं गावात जी गोष्ट फिरत होती तिच्यात मास्तर नियम मोडणारे होते. खऱ्या गोष्टीत त्यांनी नियम पाळला होता आणि मुलगीही शाळेत वेळेवर पोचली होती. मला ही दुसरी गोष्ट कितीतरी मोठी वाटते. नियम मोडून केलेली दया सोपी असते, तिचं ओझं दुसऱ्यावर जातं. ही दया मास्तरांनी आपल्या खिशावर घेतली आणि हिशेब सरळ ठेवला.

मी हे कडव्यात आणायला निघालो तर ती मुलगी म्हणाली, "ते नको. त्या दिवसापेक्षा मला दुसरं आठवतं." पासाची मुदत संपायच्या चार दिवस आधी मास्तर सांगायचे. मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट मिळतो, पण त्याची मुदत असते, तेव्हा शाळेचा शिक्का लागायचा, डेपोत किंवा स्थानकावर जाऊन नवा करून आणावा लागायचा. मुदत टळली आणि घरी पैसे नसले की त्या दिवशी शाळा बुडते. एकेक करत दिवस बुडू लागले की शाळा सुटायला वेळ लागत नाही. मास्तर पास हातात घेऊन तारीख वाचायचे, परत द्यायचे आणि म्हणायचे, "शुक्रवारी संपतोय गं."

पास संपण्याची । तारीख वाचून ।
सांगे आठवून । आधीच तो ॥

हे कडवं म्हणायला तीच आली. ३१ मेला शाळांना सुट्टी असते, गणवेशातलं एकही मूल त्या दिवशी गाडीत नव्हतं. शाळेच्या मुलांची सगळी वर्षं तिच्या एकटीच्या तोंडून म्हटली गेली.

शेवटच्या कडव्यात नाममुद्रा हवी. अभंगात कवी आपलं नाव घालतो. पण ही कविता माझी नव्हतीच. शिट्टी तात्यांची, किटल्या दूधवाल्यांच्या, पास त्या मुलीचा. म्हणून गावालाच बोलू दिलं. म्ह-णे-व-डि-व-ळे, सहा अक्षरं बरोबर भरली तेव्हा दूधवाल्यांपैकी एकाने मांडीवर थाप मारली.

म्हणे वडिवळे । आता व्हा प्रवासी ।
बसा खिडकीशी । धरू जागा ॥

वाहकाला गाडीत दाराजवळ एक जागा असते, पण गर्दीच्या फेरीत ती बहुतेक वेळ रिकामी असते किंवा तिच्यावर कुणाचं तरी मूल बसलेलं असतं. नोकरीभर उभ्याने प्रवास केलेला माणूस. त्याने किटल्यांना जागा ठेवली, आता आम्ही त्याला ठेवू, एवढंच म्हणायचं होतं.

वाचायचं कुठे आणि केव्हा, हाही प्रश्न होता. चालत्या गाडीत नको, कारण मास्तर ड्यूटीवर होते आणि ड्यूटीवरच्या माणसाचं लक्ष तिकिटांवरून काढणं म्हणजे त्याच्या शेवटच्या वेबिलात चूक करायला लावणं. कामशेतच्या थांब्यावर नको, तिथे जुन्या महामार्गाचा आवाज आणि पुढच्या गाड्यांची घाई. म्हणून वडिवळ्यातच, गाडी वळवून झाल्यावर, परत निघायच्या आधी जी थोडी मिनिटं मिळतात ती घेतली. तात्यांनी चालकाला आधी सांगून ठेवलं, इंजिन बंद ठेवायला. सात कडवी संथ म्हटली तरी तीन मिनिटांत होतात. माईक मागवला होता तो मी परत पाठवला. बंद गाडीत चाळीस माणसांना माईक लागत नाही.

मास्तर गाडी मागे घेऊन, शिट्टी खिशात ठेवून वर चढले तेव्हा सगळे बसलेलेच होते. कुणी उतरत नाही हे पाहून ते दारातच थांबले. यंत्र गळ्यात, पिशवी खांद्याला. पहिलं कडवं तात्यांनी म्हटलं. शिट्टीच्या ओळीला मास्तरांचा हात नकळत खिशाकडे गेला आणि चालक मोठ्याने हसला. थांब्यांचं कडवं त्या बाईंनी म्हटलं, किटल्यांचं दोघा दूधवाल्यांनी मिळून, आणि त्यांनी ते घोकून पाठ केलं होतं. तिकिटाच्या पाठीचं कडवं पाकीटवाल्या मुलाने कागद न पाहता म्हटलं. पुलाच्या कडव्याला मास्तरांनी मान हलवली, नाही नाही अशी, जणू त्यात त्यांचं काही नव्हतं. पासाच्या कडव्याला त्या मुलीचा आवाज तिसऱ्या चरणावर अडकला आणि आजींनी तो उचलून पुरा केला. शेवटचं सगळ्यांनी दोनदा म्हटलं, भजनात म्हणतात तसं, दुसऱ्या वेळी टाळ्यांसकट.

मास्तर बोलायला उभे राहतील असं वाटलं होतं. त्यांनी कागद मागितला, उभ्याउभ्या वाचला, आणि किटल्यांच्या कडव्यावर बोट ठेवून म्हणाले, "यात दोघांचं नाव घाला हवं तर, किटल्या ते दोघंच चढवत होते." मग घड्याळ पाहिलं. कामशेतहून लोकल पकडणारी माणसं गाडीत होती, आणि परतीची वेळ झाली होती. त्यांनी दोन टोले दिले, आणि पहिल्या बाकापासून तिकिटं काढत आले. माझ्यापाशी आल्यावर न विचारता कामशेतचं काढलं.

संध्याकाळी डेपोत त्यांनी यंत्र जमा केलं, पैसे भरले, वेबिल बंद केलं. हिशेब रुपयाला रुपया जुळला, असं नंतर तात्यांनी सांगितलं. तात्या मुद्दाम तिथे गेले होते.

कवितेच्या दोन प्रती केल्या होत्या. एक मास्तरांकडे गेली. दुसरी तात्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आणि जूनच्या मध्याला, शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात, गाडीवर आलेल्या नव्या वाहकाला दिली. पोरगा तरुण, मराठवाड्यातला, या रस्त्यावर पहिल्यांदाच आलेला. त्याने ती पहिल्या फेरीतच वाचली. दुसऱ्या फेरीत कामशेतहून येताना माझ्यापाशी थांबला, कागद उघडला आणि एकामागून एक विचारायला लागला. किटल्या कुठल्या थांब्यावर चढतात, किती असतात, वळवायच्या जागी उजवीकडे गटार आहे का, आणि पुलावर पाणी आलं हे अलीकडच्या कुठल्या वळणावरून आधी दिसतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येईना. मागच्या बाकावरून आजींनी दिलं.